गाण्यातला गायक काढून मिळेल

शाहूपुरीत माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात हा धंदा जोरात चालायचा. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं, मी साठ नाहीतर नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ती भरून द्यायचो, आणि यादीतलं शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात तुटायचं. त्यावरून भांडणं व्हायची. मी भांडणात मागे हटणारा नव्हतो. "गाणं लांब हाय, कॅसेट आखूड हाय, माझा काय गुन्हा?" हे माझं ठरलेलं उत्तर होतं.

मग सीडी आल्या, कॅसेटची गिऱ्हाइकं विरळ झाली आणि मी घरच्यांचा विरोध पत्करून कॉम्प्युटर घेतला. त्यात आवाज कापायचं, जोडायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्या सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात गायकाचा आवाज घालवायची सोय मला सापडली. मी ती दोन-तीन गाण्यांवर करून बघितली, चौथ्या दिवशी पेंटरला बोलावलं आणि दुकानाबाहेर पाटी लावली: 'गाण्यातला गायक काढून मिळेल.'

या पाटीनं मला जितकी माणसं बोलायला आणली तितकी गिऱ्हाइकं आणली नाहीत. एकानं विचारलं, "काढलेला गायक ठेवता कुठं?" गडहिंग्लजचा एक गुळाचा व्यापारी एसटीची वेळ होईपर्यंत दुकानात टेकायचा, त्यानं आपल्या गावच्या भजनी मंडळातला एक गायक काढून द्यायची विनंती केली. "गाण्यातनं न्हाय, मंडळातनंच काढा," म्हणाला. शेजारचा चहावाला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "पावणं, आत जपून जावा, गळा ठेवून घेतोय."

मी प्रत्येकाला न मागता समजावून सांगायचो. स्टिरिओ गाण्यात एक डावी बाजू असते, एक उजवी. वाद्यवृंद दोन्हीकडे पसरलेला असतो, कुठलं वाद्य डावीकडे जास्त, कुठलं उजवीकडे. गायक मात्र बहुतेक वेळा बरोबर मध्ये असतो, म्हणजे त्याचा आवाज दोन्ही बाजूंना अगदी सारखा. आता एक बाजू उलटी करायची, म्हणजे आवाजाची लाट जिथं वर जाते तिथं खाली न्यायची, आणि दुसऱ्या बाजूत मिसळायची. जे दोन्हीकडे सारखं असतं ते एकमेकाला खाऊन टाकतं. सारखं नसलेलं शिल्लक राहतं. इतकं सांगून झाल्यावर समोरचा म्हणायचा, "मग रिकामी कॅसेट केवढ्याला?"

अशातच एक दिवस मामा आले. मामा म्हणजे गावातल्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. अंगानं किरकोळ, बोटांवर कुठल्याशा रसायनाचे पिवळे डाग, शर्टाच्या खिशात कायम चार-पाच कागद. मामा बोलताना अडायचे. लहानपणापासूनच शब्द ओठांपर्यंत येऊन थांबायचा आणि तो बाहेर पडेस्तोवर समोरच्याला वाट बघावी लागायची.

समोरचा वाट बघत नसे, हीच अडचण होती. आमच्या गावाला गप्प उभं राहायची सवय नाही. मामांनी "मला..." म्हटलं की कुणीतरी "चहा?" म्हणायचं. तो शब्द बरोबर असो वा चूक, मामा मान हलवून मोकळे व्हायचे. त्यामुळे त्यांनी आयुष्यात नको असलेले कितीतरी चहा प्यायले असणार.

त्या दिवशी त्यांनी बोलायचा खटाटोप केलाच नाही. खिशातला एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहून लिहून अक्षर छापल्यासारखं झालेलं. लिहिलं होतं: 'एप्रिलअखेर निवृत्त होत आहे. आमच्या शाळेत सत्काराला उत्तर द्यावे लागते. बोलताना अडतो. गाताना अडत नाही. उत्तर म्हणून गाणे म्हणणार आहे. वाद्ये हवीत, गायक नको.'

खाली एक ओळ सोडून आणखी लिहिलं होतं: 'मागच्या वर्षी शिपाई निवृत्त झाले. त्यांचे उत्तर मुख्याध्यापकांनीच दिले. माझे कोणी देऊ नये.'

मी कागद दोनदा वाचला आणि म्हणालो, "मामा, काळजी सोडा. असा ट्रॅक करून देतो की..." आणि माझंच वाक्य पुढं सुचेना. मामा शांतपणे वाट बघत उभे राहिले.

त्यांनी आणलेली कॅसेट रेडिओवरून भरलेली होती. जुन्या मराठी सिनेमातलं साध्या चालीचं गाणं. नाव सांगत नाही. अजून ते कुठं लागलं की मला घाम फुटतो. मी डेकमधून गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, ऐटीत खुर्ची मागे सरकवली, बटण दाबलं आणि मामांना म्हणालो, "ऐका आता."

स्पीकरमधून कॅसेटची खरखर तेवढी आली. मामा ऐकत राहिले. मीही ऐकत राहिलो. व्हायोलिन नाही, बासरी नाही, ठेका नाही. खालून, एखाद्या बंद दारामागून यावं तसं, काहीतरी पुसट कुरकुरत होतं.

चहावाला कप न्यायला आला होता. तो म्हणाला, "गायकाबरोबर सगळा तांडाच गेला की."

चूक माझी होती आणि ती कळायला मला चहाचे दोन कप लागले. जुनं गाणं, त्यातून रेडिओवरून भरलेलं; ते मोनो होतं. डावी-उजवी बाजू एकच. सगळेच मध्ये, म्हणजे सगळंच सारखं, म्हणजे सगळंच वजा. दोन बाजूंना सारखी नसलेली एकच गोष्ट त्या कॅसेटवर होती, ती म्हणजे खरखर. म्हणून ती इमानानं मागे राहिली. मी चारचौघांत स्टिरिओवर प्रवचनं झोडत होतो आणि पहिल्याच खऱ्या गिऱ्हाइकाला खरखर काढून दिली होती.

"हे गाणं स्टिरिओत पायजे," मी म्हणालो. "पुढं कुणीतरी नव्यानं गायलेलं असंल तर बघा. सीडी आणा. कॅसेटची कॉपी नको."

मामांनी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं आणि गेले. मला वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांनी ते सीडी घेऊन हजर. जयसिंगपूरच्या मेव्हण्याकडे मिळाली होती. तेच गाणं, दुसऱ्या गायकानं, नव्या वाद्यवृंदासह गायलेलं. ती त्यांनी रुमालात गुंडाळून आणली होती आणि प्रयोगशाळेतली काच धरावी तशी कडेनं धरून मला दिली.

या वेळी बटण दाबलं आणि गायक गेला. खरंच गेला. डावीकडची व्हायोलिनं, उजवीकडची बासरी, सगळं जागच्या जागी. पण त्याच्यासोबत ठेकाही गेला होता, कारण ठेकासुद्धा मध्येच ठेवलेला असतो. ठेक्याशिवाय ते गाणं पाय नसलेल्या पाटासारखं लागत होतं. मी मग मूळ गाण्यातला अगदी खालचा, घुमणारा आवाज तेवढा गाळून घेतला आणि परत मिसळला. डग्गा आला. तबल्याची वरची टणक थाप काही आली नाही, कारण ती गायकाच्या आवाजातच गुंतलेली. तिला आणायला जावं तर गायक बोट धरून मागे येणार. पण डग्ग्यावर सम कळत होती. तेवढं पुरे होतं.

आणि एक गोष्ट उरली होती. गायक गेला तरी त्याच्या आवाजाला दिलेला घुमारा गेला नव्हता. घुमारा दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला असतो, म्हणून तो वजा होत नाही. त्यामुळे जिथं गाण्याची ओळ असायची तिथं लांबून, विहिरीच्या तळातून कुणीतरी तीच ओळ म्हणतंय असं वाटायचं. शब्द अर्धेच लागायचे. मला ते फार बोचलं. पाटीवर 'गायक काढून मिळेल' लिहिलं होतं, 'बराचसा काढून मिळेल' असं लिहिलेलं नव्हतं.

मामांना मात्र त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मी भरून दिलेली ट्रॅकची सीडी घरी नेली आणि महिनाभर तालीम केली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुकानात येऊन एकदा माझ्यासमोर म्हणायचे. मी दार लोटून घ्यायचो. पहिल्या शनिवारी मी मनातून धास्तावलो होतो, पण सुरुवातीचं संगीत संपलं, विहिरीतला गायक पुटपुटला आणि त्याच्या जोडीनं मामांनी ओळ उचलली ती थेट शेवटपर्यंत. आवाज गोड म्हणावा असा नव्हता, पण सरळ होता, आणि एकाही शब्दाला तो अडला नाही. ज्या माणसाकडून मी कधी पुरतं वाक्य ऐकलं नव्हतं त्याच्याकडून तीन कडवी सलग ऐकली. मला भरून आलं. ते लपवायला मी स्पीकरची वायर उगाच काढून परत लावली.

शेवटच्या शनिवारी गाणं संपल्यावर मामा निघाले नाहीत. काउंटरवर हात टेकून उभे राहिले.

"आतला..." ते म्हणाले. "आतला गा... गायक..."

"अजून ऐकू येतोय, व्हय ना?" मी म्हणालो. "मलाबी खटकालंय ते, मामा. काढतो की. काय मागं ठेवत न्हाय त्याला."

मामांनी मान हलवली नाही. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि ते कागद चाळू लागले. पण तोवर मी कॉम्प्युटरकडे वळलो होतो. माझ्या अंगात कारागीर शिरला की मला पाठीमागचं दिसत नाही. थोड्या वेळानं वळून बघतो तर मामा गेले होते. त्यांची तालमीची सीडी कॉम्प्युटरमध्येच राहिली होती.

पुढचे चार दिवस मी त्या पुटपुटणाऱ्याच्या मागे हात धुऊन लागलो. जिथं ओळी होत्या तेवढ्याच जागी आवाजातल्या मधल्या सुरांची पट्टी दाबली, म्हणजे गळ्याचा भाग दबला. त्यानं ट्रॅक मध्येमध्ये पोकळ झाला. मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या एका मित्राला मिसळपावावर राजी केलं आणि त्या पोकळ जागी त्याच्याकडून व्हायोलिनचा लांब सूर भरून घेतला. दोघांनी हेडफोन लावून शोध शोध शोधला. विहीर कोरडी पडली होती. मित्र म्हणाला, "ह्यात माणूस होता हे आता कुणाला पटायचं न्हाय." इतकं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं.

सत्कार शाळेच्या सभागृहात दुपारी होता. नवी सीडी मी स्वतः घेऊन गेलो; माईकवाल्याच्या हातून ओरखडा पडायला नको, आणि खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला मला तिथं असायचंच होतं. मामा फेटा बांधून, शाल आणि नारळ मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मी लांबूनच सीडी उंच धरून त्यांना खूण केली की एक नंबर झालंय. त्यांनी काहीतरी विचारल्यासारखे हात हलवले. मी अंगठा दाखवला.

शिक्षक बोलत होते. एका सभागृहात इतके शिक्षक आणि एक चालू माईक, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी तिथंच लागायची. विज्ञानाच्या सरांनी मामांच्या कामाबद्दल सुरुवात करून आपल्या परदेशी असलेल्या मुलापाशी शेवट केला. मग मुख्याध्यापक उठले. म्हणाले, "मामा सत्काराला गाण्यातून उत्तर देणार आहेत. आणि काही राहिलंच, तर मी आहेच." लोक हसले. मामा हसले नाहीत.

ते माईकपुढे उभे राहिले. मी सीडी लावली. व्हायोलिनं सुरू झाली. सुरुवातीचं संगीत उतरत आलं, ओळीची जागा आली. मामांनी मान किंचित तिरकी केली, कानोसा घ्यावा तशी.

आणि ओळीची जागा निघून गेली.

तेव्हा मला कळलं. ते विहिरीतल्या माणसाची वाट बघत होते. महिनाभर तो आधी पुटपुटायचा आणि मामा त्याच्या आवाजाला धरून आत शिरायचे. पहिला शब्दच तर त्यांचा वैरी होता. त्याच्याच वेळी ते एकटे नसायचे, म्हणून तो निघायचा. 'आतला गायक' म्हणून ते जे सांगायला लागले होते ते हे होतं. ते मी त्यांना सांगू दिलं नव्हतं. सीडी बंद करावी तर सगळ्यांदेखत त्यांची फजिती, न करावी तर तीच.

मग जे व्हायचं ते झालं. मराठीच्या बाईंनी दुसऱ्या रांगेतून पहिला शब्द पुरवला. मामांचे ओठ हलले, शब्द अडला. गणिताच्या सरांनी अख्खी ओळ सुरात म्हणून दाखवली, म्हणजे त्यांना तो सूर वाटत होता. मागून पोरं ओरडली, "मामा, म्हणा की!" पीटीच्या सरांनी टाळ्यांचा ठेका धरला, तोही चुकीचा. पाठोपाठ सगळे शिक्षक गायला लागले, जो तो आपापल्या पट्टीत. मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांचा हात माईककडे निघाला.

मामांनी हात वर केला. तळहात पुढे, वर्गात पोरांना थांबवतात तसा. मी त्यांचा हात असा कधी पाहिला नव्हता. बहुधा कुणीच नसेल. आवाज एकेक करून बंद झाले. सगळ्यात शेवटी गणिताचे सर थांबले. मुख्याध्यापक अर्धे उठलेले होते ते अर्धेच राहिले आणि मग हळूच बसले.

ट्रॅक चालूच होता. धृपद रिकामं गेलं. मधलं संगीत लागलं, बासरीचं, चांगलं लांबलचक. मामा डोळे मिटून उभे होते. नुसता डग्गा ऐकत होते. मला त्यांचा उजवा अंगठा दिसत होता. तो बोटांच्या पेरांवरून एक एक मात्रा मोजत सरकत होता. प्रयोगशाळेत थेंब मोजायची त्यांची हीच रीत असणार. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आमच्या गावातली इतकी माणसं इतका वेळ गप्प बसलेली मी पुन्हा बघितली नाहीत.

बासरी संपली, सम आली, आणि मामांनी पहिलं कडवं उचललं.

बरोबर जागेवर उचललं. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, विहिरीत कुणी नाही. आवाज जरा कापत होता, पण अडला नाही. पहिल्या कडव्यानंतर धृपद परत आलं तेव्हा मघाशी निसटलेली ओळही त्यांनी म्हटली, आणि ती म्हणताना मुख्याध्यापकांकडे बघितलं. मी माईकवाल्याच्या टेबलाआड खाली मान घालून बसलो होतो. मला रडू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती, दोन्ही एकदम.

टाळ्या थांबल्या तरी मामा माईकपासून हलले नाहीत. त्यांना बोलायचं होतं. बोलणं गाण्यासारखं सरळ निघणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. त्यांनी वेळ घेतला. प्रत्येक शब्दापाशी थांबले, आणि कुणीही शब्द पुरवला नाही.

"आज... तुम्ही सगळी... गप... गप बसलासा," ते म्हणाले. "लई... बरं वाटलं."

एवढंच त्यांचं उत्तर. मुख्याध्यापक आभार मानायला उठले, तेव्हा तेसुद्धा दोनच वाक्यं बोलले.

आठवड्यानं मामा दुकानात आले. मी खुर्ची पुढे केली, माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्यांनी बोलायला सुरुवात केली होती.

"ती... जु... जुनी..."

'जुनी सीडी पायजे' हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं. 'जुनी सीडी परत घ्या' हेही आलं. 'जुनी कॅसेट' आलं. मी दोन्ही हात काउंटरखाली घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. बाहेर चहावाला कुणालातरी पाटी वाचून दाखवत होता. मामांना जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.

"जुनी सीडी... हाय का? घरा... घरात म्हणायला. त्यो आतला... त्याची... सवय झालीया."

ती सीडी मी तेव्हाच भंगारात टाकली होती, पण त्या ट्रॅकची फाईल कॉम्प्युटरवर होती. मी नवी सीडी भरायला लावली आणि तेवढ्यात मामांनी खिशातून घडी पडलेला एक कागद काढून काउंटरवर ठेवला. शेवटच्या शनिवारी शोधत होते तो. छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'आतला गायक काढू नये. त्याच्यामुळे सुरुवात होते.'

सीडी घेऊन मामा गेले. त्या संध्याकाळी मी पेंटरला पुन्हा बोलावलं आणि पाटीवर खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ घालायला सांगितली: 'गिऱ्हाइकाचं पुरतं ऐकून.' पेंटर म्हणाला, जागा कमी हाय. मी त्याचं बोलणं संपू दिलं आणि मग म्हणालो, बसव कशीबी.